हिरवं कार्ड आणि माझा अंगठा

आमच्या बाजारात शिबिर घेणाऱ्या लॅबवाल्यानं माझ्या बायकोला फसवलं. त्यानं तिच्या हातात हिरवं कार्ड ठेवलं आणि त्या कार्डावर छापलं होतं, ‘सामान्य. आपण निरोगी आहात.’ ती निरोगी नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मला माझ्याविषयीही काही सांगावं लागणार आहे, आणि ते वाचल्यावर लोक त्याला विसरतील. त्याला विसरू नका.

मी मेंढरांचा व्यापारी. भालकीच्या आसपासचे आठवडी बाजार करतो, कधी उदगीरपर्यंत जातो. बापानं जन्मभर दुसऱ्याची मेंढरं राखली. मी स्वतःची घेतली, विकली, पुन्हा घेतली, आणि आज बाजारात माझ्या शब्दावर भाव ठरतो. हे कुणी दिलेलं नाही. माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं मिळवलेलं आहे.

मेंढरू घेताना मी त्याच्या पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या मागं अंगठा दाबतो. तिथं कण्याची हाडं टोचली तर अंगावर मांस नाही, मग पोट कितीही गोल दिसू दे. विकणारे काय काय करतात ते मला पाठ आहे. आदल्या दिवशी मीठ घातलेला कोंडा चारतात, सकाळी पोटभर पाणी पाजतात, आणि जनावर डुलत डुलत बाजारात आणतात. काही मेंढरांच्या जबड्याखाली मऊ पिशवी लोंबते. ते पाणी असतं. आतून जंतांनी खाल्लेलं जनावर असतं ते, वजनाला भरतं आणि आठ दिवसांत मरतं. अलीकडं काही नवे लोक काटा घेऊन यायला लागलेत. मी त्यांच्या तोंडावर हसतो. अरे, काटा किती ते सांगतो, काय ते सांगतो का? चरबी किती, मांस किती, पाणी किती, काट्याला काय ठाऊक?

हे मी भर बाजारात ओरडून सांगत आलो. हे लक्षात ठेवा.

तीन वर्षांपूर्वी आमच्या व्यापारी मंडळानं बाजारात आरोग्य शिबिर घ्यायचं ठरवलं. लॅबवाल्याशी बोलणी करायला मलाच पुढं केलं, कारण घासाघीस म्हटली की सगळ्यांची बोटं माझ्याकडं वळतात. लॅबवाला नौबादचा, वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड. त्याचं म्हणणं होतं की तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर तपासू, बीपी बघू, पोटाचा घेर मोजू. मी म्हटलं, इतकं कशाला?

जनावरांच्या सौद्यात आम्ही रुमालाखाली हात घालून बोटांनी बोलतो, आजूबाजूच्याला कळू नये म्हणून. मी गमतीनं त्याच्या हातावर रुमाल टाकला.

“अण्णा, मी काय बोकड इकायलोय का?” तो हसला.

“इकणारा इकणाराच असतो. बोल.”

मी त्याचं एक एक बोट मिटवत गेलो. घेर मोजायला बाई लागते, वेळ लागतो, ते मिटलं. बीपीचं मशीन एकच, रांग लांबेल, तेही जवळपास मिटलं. साखरेवर आलो तेव्हा मी म्हटलं, “धडधाकट माणसाला कामून टोचायचं? ज्याला गरज हाय त्यालाच टोच.”

“गरज कुणाला ते कसं कळणार?”

“ते तू सांग. शिकलेला तू हायस.”

त्यानं उरलेली बोटं पुन्हा मोजली. मग म्हणाला, “मग असं करू. सगळ्यांची उंची आणि वजन घेऊ. बीएमआय काढू. पंचवीसच्या वर आला त्याचीच साखर आन् बीपी.”

“बीएमआय म्हंजे?”

“किलोतलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीनं भागायचं, आलेल्याला पुन्हा उंचीनं भागायचं. साडेअठराच्या खाली बारीक, पंचवीसपर्यंत सामान्य, पुढं जाड, तिसाच्या पुढं लठ्ठ. जगभर हेच चालतंय, अण्णा.”

मी रुमाल ओढून घेतला. सौदा झाला. घरी जाताना मला वाटलं की आज मी लॅबवाल्याचं चांगलं कातडं सोललं, मंडळाचे पैसे वाचवले.

शिबिराच्या दिवशी मांडवात दोन टेबलं होती. एका टेबलावर काटा आणि भिंतीला चिकटवलेली पट्टी, दुसऱ्या टेबलावर सुया. मधे एक मुलगी बसून आकडा काढायची आणि कार्ड द्यायची. लाल, पिवळं, हिरवं, आणि बारीक माणसाला निळं. हिरवं मिळालं की माणूस सरळ चहाच्या टेबलाकडं. सुईच्या टेबलाकडं जायचं कारणच नाही.

माझा धाकटा भाऊ तरुणपणी कुस्ती खेळायचा. आता अडत्यांच्या गाळ्यांवर पोती उचलतो. मानेचा आणि खांद्याचा फरक त्याला बघून कळत नाही. उंची एकशे पासष्ट, वजन अठ्ठ्याहत्तर. आकडा आला अठ्ठावीस आणि वर थोडं. पिवळं कार्ड. मांडवात हशा झाला.

“पैलवान, जाड झालास की रं!”

“आता भावजयीच्या हातचं तूप बंद!”

तो लाजला. मोठ्या माणसाला असं लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं. त्याला सुईच्या टेबलावर नेलं. साखर चांगली, बीपी चांगलं. पण कार्ड पिवळं ते पिवळंच. पुढं दोन महिने त्यानं दूध सोडलं, रात्रीची भाकरी सोडली, आणि एकदा पोतं घेऊन फळीवर चढताना चक्कर येऊन बसला. तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या. काट्यानं त्याच्या दंडातलं मांस चरबी म्हणून मोजलं होतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं, आणि मी नुसता हसलो होतो.

एक म्हातारी आली होती, पाठीतून वाकलेली. पट्टीशी उभी केली तर पाठ टेकेना. जेवढी उंची दिसली तेवढी लिहिली. उंची कमी धरली की आकडा वर चढतो, त्यामुळं चिपाडासारख्या त्या बाईला हिरवं कार्ड मिळालं. तिला निळं मिळायला हवं होतं. ती मुलीला म्हणाली, “आक्का, चाळीशीत मी तुझ्याएवढी उंच होते गं.” मुलगी म्हणाली, “आज्जी, पुढं सरका.”

आणि माझी बायको. उंची दीडशे सेंटीमीटर, वजन साडेपन्नास. मुलीनं यंत्रावर बोटं चालवली. बावीस पॉइंट चार. हिरवं.

बायको कार्ड घेऊन माझ्याकडं आली. तिला वाचता येतं. म्हणाली, “सामान्य म्हनं. माझी माय साखरंनंच गेली, माझीबी बघा की म्हटलं त्या मुलीला. ती म्हनली, तुमाला लागत न्हाई.”

“हिरवं हाय न्हवं? मग बस की,” मी म्हणालो. मागं रांग होती, मंडळाचे लोक बघत होते, आणि सौदा मी केलेला होता. बायकोसाठी नियम मोडला असं कुणी म्हणू नये, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

ती चहाच्या टेबलाकडं गेली. तिच्या वाटणीची सुई माझ्या भावाला लागली.

ते कार्ड मी घरात देवाच्या फळीखाली खिळ्याला अडकवलं. पुढच्या वर्षभरात त्या कार्डाचा जेवढा उपयोग मी केला तेवढा कुठल्याच कागदाचा केला नसेल. ती म्हणायची, फार तहान लागायलीय. मी म्हणायचो, उन्हाळा हाय. ती म्हणायची, पायाला मुंग्या येतात, चप्पल निघून गेली तरी कळत न्हाई. मी कार्डाकडं बोट करायचो. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, ती दोन महिने भरली नाही. पुन्हा कार्ड. एकदा ती साडी नेसताना म्हणाली, “अवो, बघा तरी. निऱ्या दोन कमी बसायल्यात. आन् बांगड्या कोपरापर्यंत चढायल्यात. वजन तर तेवढंच हाय.”

मी हसलो. म्हणालो, “पोट सुटलं तुझं, खात्यापित्या घरातली हायस.”

आता हे वाक्य मला रोज ऐकू येतं. पोट वाढलं, दंड वाळले, वजन तेवढंच. असं मेंढरू मी बाजारात हात लावून बाजूला सारलं असतं. विकणाऱ्याला म्हटलं असतं, कुणाला शिकवायलास? पोटाळ हाय, कंबरंत काय न्हाई.

दुसऱ्या वर्षी पुन्हा शिबिर झालं. तोच लॅबवाला, तेच टेबल, तोच नियम, आणि या वेळी कुणी घासाघीससुद्धा केली नाही, कारण नियम बसला होता. बायकोचं वजन एक्कावन्न भरलं. बावीस पॉइंट सात. हिरवं. मुलगी म्हणाली, “बघा, वर्षभर जसंच्या तसं. छान ठेवलंय तुमी.”

त्याच आठवड्यात बायकोची जोडवी बोटातून निघेनात. साबण लावून काढली तर बोटावर खोल वळ राहिला. सकाळी तिचे डोळे फुगलेले असायचे. भावाच्या बायकोनं माझं न ऐकता तिला बिदरला नेलं, आणि मी भांडत भांडत मागून गेलो.

डॉक्टर बाई होत्या, कन्नड बोलणाऱ्या, मराठी हेल काढून पण स्पष्ट. मी आत शिरताच हिरवी कार्डं त्यांच्यापुढं टाकली. दोन्ही. त्यांनी ती वाचली नाहीत. बायकोची साडी घोट्यापासून थोडी वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. दाबून धरला. मग उचलला.

तिथं खड्डा पडला होता. खड्डा भरत नव्हता. आम्ही सगळे त्याच्याकडं बघत उभे राहिलो, भावजय, मी, बायको स्वतः.

“अप्पा,” बाई म्हणाल्या, “तुमचा धंदा काय?”

“मेंढरं.”

“मग तुमाला सांगायला नको. हे पाणी.”

 तो अंगठा माझा असायला हवा होता.

रक्त, लघवी, सगळं तपासलं. साखर बरीच वर्षं होती. बीपी वाढलेलं होतं. मूत्रपिंडं बहुतेक गेली होती, आणि डोळ्यांच्या पडद्यावरही डाग. मी चिडलो. चिडलो की मी ओरडतो. मी म्हटलं, वर्षभर वजन तेवढंच, आकडा तेवढाच, मग एवढं सगळं कधी झालं?

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी आता कार्डांवरचे आकडे वाचले आणि पेननं एका कार्डाच्या मागं लिहून दाखवलं. “पहिल्या वर्षी साडेपन्नास किलो. त्यात मांस कमी, पोटात चरबी जास्त. दुसऱ्या वर्षी एक्कावन्न किलो. त्यात मांस अजून कमी, आणि पाणी आलंय. काट्याला सगळं सारखंच. तुमचा आकडा म्हणजे वजन आणि उंची, बाकी काही नाही. चरबी कुठं आहे ते त्यात नाही, मांस किती ते नाही, पाणी नाही, वय नाही, आई साखरेनं गेली ते नाही. हजारो माणसं बघायची असतील तर कुणाकडं आधी बघू, एवढ्यापुरता तो ठीक. चाळण आहे. चाळणीतून खाली पडला म्हणजे निरोगी, असं कुणी सांगितलं?”

“पंचवीसच्या वरच म्हटलं होतं,” मी म्हणालो.

“आपल्या लोकांत पोटावर चरबी लवकर बसते. म्हणून आपल्याकडं तेवीसपासूनच जपायला सांगतात. पण यांचा तर तेवीसच्याही खाली. यांच्यासाठी कुठलाही आकडा घेतला असता तरी त्या सुटल्या असत्या.” त्यांनी टेप काढली आणि बायकोच्या पोटाभोवती लावली. त्र्याण्णव. “बायकांत ऐंशीच्या वर गेला की तपासा म्हणतो आम्ही. ही टेप त्या दिवशी नव्हती का?”

टेप होती. रुमालाखाली मी मिटवलेलं पहिलं बोट तेच.

मी विचारलं, पहिल्या वर्षी कळलं असतं तर?  “हे दोन वर्षांतलं नाही, अप्पा. आठ-दहा वर्षांचं असेल. पण पहिल्या शिबिरात कळलं असतं तरी औषधानं पुढचा बिघाड सावकाश झाला असता. कदाचित काही वर्षं मिळाली असती. किती, ते मी सांगू शकत नाही.”

किती ते कुणीच सांगू शकत नाही. सौद्यात असं चालत नाही. 

बिदरहून परतताना मी नौबादला उतरलो. बायकोला पुढं पाठवलं. लॅबवाल्याच्या दुकानात शिरलो आणि कार्डं त्याच्या टेबलावर आपटली. खुर्ची होती ती लाथेनं पाडली. म्हटलं, “निरोगी? हे निरोगी?”

तो उठून उभा राहिला. घाबरला होता, पण मागं सरला नाही. “अण्णा, कार्ड छापूनच येतंय. मी आकडा भरतो. तेवढंच.”

“आन् ते ‘निरोगी’ कुणी लिव्हलं?”

“कुणी लिव्हलं मला काय म्हाईत? गठ्ठा येतो.”

“तुला म्हाईत होतं. पहिल्या दिवशी तूच म्हटलास सगळ्यांची साखर बघू, टेप लावू. तुला म्हाईत होतं हा आकडा पुरत न्हाई!”

“व्हय. म्हाईत होतं,” तो म्हणाला. “आन् रुमालाखाली कुणाचा हात होता, अण्णा? माझी बोटं कुणी मिटवली?”

मी त्याला मारलं नाही. मारायला हात उचलला होता. मग खुर्ची उचलून सरळ केली आणि बाहेर आलो. त्याचं खरं होतं म्हणून तो सुटत नाही. ज्याला माल ठाऊक आहे आणि जो गप्प राहून विकतो, त्याला आमच्या बाजारात नाव आहे, ते नाव मी इथं लिहीत नाही.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पहाटेची बस, बिदर, चार तास यंत्र, मग परत. तिथं गेल्या गेल्या तिला काट्यावर उभं करतात आणि शेवटी पुन्हा उभं करतात. आधी सेहेचाळीस, नंतर चव्वेचाळीस. मधले दोन किलो पाणी. अंगातलं पाणी काढल्यावर जे वजन राहायला हवं त्याला ते कोरडं वजन म्हणतात. तिथं काटा तेवढंच सांगतो आणि त्याच्याकडून कुणी जास्त मागत नाही. त्या एका खोलीत मला काट्याचा राग येत नाही.

एकदा ती यंत्राला जोडलेली असताना मी मोबाइलवर हिशेब केला. चव्वेचाळीस भागिले दीड, पुन्हा भागिले दीड. एकोणीस पॉइंट सहा. साडेअठराच्या वर. म्हणजे आजही सामान्य. दंडावर हाताची दोन बोटं पुरतात, उठताना गुडघ्याला हात लावावा लागतो, उजव्या डोळ्यानं माणूस ओळखू येत नाही, आणि आज ती त्या मांडवात गेली तर तिला हिरवं कार्ड मिळेल आणि चहा मिळेल.

मी तिला हे सांगितलं. सांगायला नको होतं. ती हसली. म्हणाली, “मग आना की अजून एक. खिळा हाय अजून.”

जरा वेळानं म्हणाली, “एक इचारू? मेंढराला एवढं दाबून बघता. दात बघता, डोळा बघता, कंबर बघता. मला कधी बघितलात?”

  परिचारिका नळी बघायला आली आणि मी खिडकीकडं बघत राहिलो. पुढं काय आहे ते बाईंनी आमच्यापासून लपवून ठेवलेलं नाही. मूत्रपिंड देणारं घरात कुणी जुळलं नाही. माझंही चाललं नाही, तपासात माझीच साखर निघाली. माझा आकडा चोवीस. हिरव्यातला.

मागच्या महिन्यात मंडळाची बैठक झाली. यंदाच्या शिबिराचा विषय होता. टेबलावर नव्या कार्डांचा गठ्ठा होता, दोरीनं बांधलेला, वर हिरवं. अध्यक्ष म्हणाले, बोलणी तुम्हीच करा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही. मी म्हटलं, टेप आणा, सगळ्यांची साखर बघा, आई-बापाला काय होतं ते विचारा, आणि कार्डावरचा ‘निरोगी’ शब्द काळा करा. ते म्हणाले, अण्णा, एवढं कुठं परवडतं, सगळीकडं असंच चालतं. कुणी तरी हळूच म्हणालं, याचं घरात झालंय म्हणून. गठ्ठा तसाच गाडीत गेला.

म्हणून मी हे लिहिलं. माझा हिस्सा मी वर लिहून ठेवला आहे, त्यातला एक शब्दही झाकलेला नाही, आणि तो मी तिच्यापुढं रोज भोगतो. आता बाकीच्यांनी यावं. वजनाला उंचीनं भागून आलेल्या आकड्याखाली ज्यानं ‘आपण निरोगी आहात’ असं पहिल्यांदा छापलं, त्यानं यावं. ठाऊक असूनही ते कार्ड वाटणाऱ्या लॅबवाल्यानं यावं. यंदा पुन्हा तोच गठ्ठा उचलणाऱ्या अध्यक्षांनी यावं. सोमवारी, बुधवारी, शनिवारी, कुठल्याही दिवशी, यंत्र लावायच्या आधी. तिच्या नडगीवर अंगठा दाबावा, उचलावा, आणि तो खड्डा भरून येईपर्यंत तिच्या डोळ्यांत बघून सांगावं, ‘निरोगी’ छापायच्या आधी कुणी तपासलं होतं तिला? कोण ते? मला नाव पाहिजे.